इसवण, बांगडे आणि तीस वर्षं: कुठली ओळ टाकायची?

लग्नाला तीस वर्षं होतायत. फोटो ठरलाय, घोडं अडलंय ते त्याखालच्या ओळीवर. माझ्यासमोर तीन आहेत.

पहिली, सगळीकडे फिरणारी: "जन्मठेपेची तीस वर्षं. चांगल्या वर्तणुकीलाही सूट नाही!" हसू येतं, पण नाव बदललं की ती शेजारच्या काकांनाही चालते. आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सासूबाई आहेत. त्यांच्या लेकाचा मी तुरुंग केला, हे त्या दुपारच्या चहापर्यंत विसरायच्या नाहीत.

दुसरी उखाण्याची:
"म्हापशाच्या बाजारात इसवणाचा थाट,
अमुकरावांच्या पिशवीत मात्र बांगडे आठ."

हा विनोद आमच्या घरचा. दर शुक्रवारी हे इसवणाचा भाव विचारतात, मान हलवतात आणि बांगडे घेऊन येतात. उखाणा मोठ्याने म्हटला की खुलतो, शेवटच्या शब्दावर जाऊबाईंचा हशा हमखास. पण फोनवर वाचताना तो नुसताच टोमणा वाटतो, त्यात माया कुठे दिसत नाही. शिवाय "चिक्कू आहेत वाटतं" असं कुणीतरी लिहिणारच. पैशावरची थट्टा घरात चालते. ह्यांच्या ऑफिसातल्यांनी ती वाचली की ह्यांना बोचेल.

मग तोच बांगडा पुढे नेला: "तीस वर्षं इसवणाचा भाव विचारून बांगडेच आणतात. पण हुमणातला मधला तुकडा अजून माझ्या ताटात, शेपटी स्वतःच्या."

आता चिक्कूपणाचा आरोप आपोआप पडला, कारण शेपटी कोण खातं ते कळलं. थट्टा सवयीची आहे. टकलाची, पोटाची किंवा माहेर-सासरची नाही. "खूप प्रेम करतात" असंही कुठे म्हणावं लागलं नाही.

एक अडचण मात्र आहे. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात बाजाराचं वर्णनच चार ओळींचं होतं, त्यामुळे मधला तुकडा आत लपला आणि बाहेर उरली फक्त तक्रार. म्हणून बाजार कापला, तुकडा ठेवला. हार्ट-केकच्या चित्रांची रांगही शेवटी ढकलली, सुरुवातीला ती जागा खाते.

तुमच्या लग्नाचा वाढदिवस जून-जुलैत येत असेल तर बांगड्याच्या जागी सुके बांगडे घाला. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताज्याची बढाई गोव्यात कुणी ऐकून घेणार नाही. घरी मासे नसतील तर तुमचं काय ते शोधा: फेरीबोटीत नेहमी विसरली जाणारी छत्री, पोदेराकडून जास्तच आणलेले पाव. सवय नवऱ्याची हवी आणि तिचा फायदा तुम्हाला झालेला हवा.

माझं ठरलं. तिसरी ओळ फोटोखाली, उखाणा संध्याकाळी केक कापताना. जन्मठेप पुसली. ह्यांना अजून दाखवलेलं नाही. आत्ता बाजारात गेलेत, इसवण आणतो म्हणून.