सिट्रोनेलाचा मनगटी पट्टा: वास टिकतो, संरक्षण टिकत नाही

सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाचे मनगटी पट्टे डास पळवण्यासाठी म्हणून विकले जातात, आणि या फसवणुकीत विक्रेत्याला धडधडीत खोटं बोलावंच लागत नाही. ताजं सिट्रोनेला तेल हातावर चोळून तो हात डासांच्या पिंजऱ्यात घातला, तर पहिली काही मिनिटं डास खरोखरच बसत नाहीत. प्रात्यक्षिक तिथेच थांबवतात. वेष्टनावर मात्र 'आठ तास' छापलेलं असतं.

आता हाच पट्टा मनगटावर बांधून कोणी संध्याकाळी बागेत बसलं, असं धरा. तासाभरात घोट्यांवर आणि कोपरामागे गांध्या उठतात. पट्टा नाकाशी नेला तर वास चांगला दरवळतो, म्हणून माणूस समजतो की पट्टा चालू आहे, डासच जास्त आहेत. गोम इथेच आहे. आपल्या नाकाला वासाचा अंशही पुरतो. डासाला अडवायला त्वचेलगत बाष्पाचा दाट थर लागतो. सिट्रोनेलातले घटक झपाट्याने उडून जातात आणि हा थर विरतो. शिवाय पट्ट्यातून निघणारं बाष्प मनगटापासून चार बोटंही नीट पोचत नाही.

२००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळा चाचणीत हे फार स्पष्ट दिसलं. त्वचेवर लावलेली सिट्रोनेलाची उत्पादनं सरासरी २० मिनिटंही टिकली नाहीत, डीट हे डास पळवणारं रसायन २३.८ टक्के असलेलं औषध सरासरी पाच तास टिकलं. पण मनगटी पट्टे अर्ध्या मिनिटाच्या आतच निकामी ठरले, आणि त्यात डीटचा पट्टासुद्धा होता! म्हणजे औषध कितीही चांगलं असो, ते जिथे लावलंय तिथलीच त्वचा वाचते.

कडुनिंबाच्या 'सुगंधी' वस्तूंची गोष्ट थोडी निराळी. कडुनिंबातला नावाजलेला घटक, अझाडिरॅक्टिन, अळ्यांची वाढ रोखतो, पण तो हवेत जवळजवळ उडतच नाही. त्यामुळे त्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या वासाचा आणि त्या गुणाचा संबंध फारसा उरत नाही.

विकत घेण्याआधी वेष्टन उलटून पाहा. क्रियाशील घटकाचं नाव आणि टक्केवारी दोन्ही हवीत: डीट २० ते ३० टक्के, पिकॅरिडिन २० टक्के, किंवा पीएमडी सुमारे ३० टक्के. पीएमडी लेमन युकॅलिप्टसपासून मिळतं, पण त्या झाडाचं साधं सुगंधी तेल म्हणजे पीएमडी नव्हे. इथे बरेच जण फसतात. तीन वर्षांखालील मुलांना पीएमडी लावू नये. नुसतं 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं आणि टक्केवारी गायब असेल, तर ती बाटली परत ठेवा.

औषध उघड्या त्वचेवर सलग, पातळ लावायचं. घोटे आणि कानामागची जागा हमखास राहून जाते. सनस्क्रीन वापरत असाल तर आधी ते, मग हे. घाम आला किंवा अंग धुतलं की पुन्हा लावायचं. झोपताना कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळालाही ती लागते.