जपानमध्ये डॉग ग्रूमिंग: घरबसल्या कोर्स की सरकारी नोंदणी? माझा अनुभव

तोक्योत राहून ग्रूमिंग शिकायचं ठरवलं, तेव्हा मी आधी चार महिन्यांचा घरबसल्या कोर्स केला. पुस्तकं, व्हिडिओ, केस लावलेला सरावाचा बाहुला, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. ते हातात आल्यावर वाटलं, आता घरीच दोन-चार कुत्र्यांपासून सुरुवात करू.

तिथेच माझी चूक झाली. दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरी करायला जपानात सरकारी परवाना लागत नाही. पण स्वतः पैसे घेऊन कुत्रा आंघोळीला किंवा सांभाळायला घेतला, की 'पहिल्या प्रकारचा प्राणी व्यवसाय' म्हणून नोंदणी हवीच. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन केस कापले तरी हवी. नोंदणीशिवाय धंदा केल्यास दंड 10 लाख येनपर्यंत होऊ शकतो.

नोंदणीला 'जबाबदार व्यक्ती' दाखवावी लागते. माझ्यासारख्या, पशुवैद्यक नसलेल्या आणि प्राण्यांच्या शाळेत न शिकलेल्या माणसाला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि किमान सहा महिन्यांचा कामाचा अनुभव, दोन्ही लागतात. 2020च्या बदलाआधी यांपैकी एक पुरायचं. माझं प्रमाणपत्र यादीत होतं. पण मी सलूनमध्ये आठवड्यातून तीन दिवस जात होते, आणि नोंदणी कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "अनुभव पूर्णवेळ नोकरीचाच धरतात." मला कायम निवासाची परवानगी आहे, म्हणून पूर्णवेळ काम धरता आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मैत्रिणींना परवानगी घेऊनही साधारणपणे आठवड्याला 28 तासांचीच मर्यादा असते, त्यांनी कोर्सची फी भरण्याआधी हे नक्की विचारावं.

सलूनमधल्या पूर्णवेळ कामाचे ते सात महिने मात्र मला फार मोलाचे वाटतात. एक टॉय पूडल आलं होतं, काखेत केसांची घट्ट जटा. व्हिडिओत मोकळे केस विंचरून कात्रीने कापायला शिकवलं होतं. मी कात्री उचलली, तर सीनियरने माझा हात धरला. जटेत कातडी ओढली जाऊन तिची घडी झालेली असते, ती वरून दिसत नाही, आणि काखेतली कातडी इतकी पातळ की एका कापात फाटते. तिने क्लिपर कातडीला समांतर, सपाट टेकवून जटेखालून हळूहळू सरकवला. मधूनमधून ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघत होती, कारण ते तापलं की भाजतं. अर्धा तास लागला. खालची कातडी लाल आणि ओलसर निघाली, म्हणून आम्ही आंघोळ न घालता मालकिणीला डॉक्टरांकडे पाठवलं. कधी थांबायचं, हे मला बाहुल्यावर कळलं नसतं.

नंतर घरमालकाची लेखी संमती, खोलीचा नकाशा, पाण्याचा निचरा, पिंजऱ्यांची मापं, मग तपासणी. नोंदणी पाच वर्षांची. क्रमांकाची पाटी दारात लावलीय. आठवड्याला सहा-सात कुत्री येतात, आणि जटा दिसली की मी आजही आधी कात्री खाली ठेवते.