धिंगरीचं काड: गरम पाण्यातून काढायचं की औषधात भिजवायचं?

दहा बाय बाराची एक खोली, बाहेर ड्रम ठेवण्यापुरतं अंगण आणि अळिंबी म्हणजे मशरूम सुरू करायची इच्छा, एवढ्यावर बसलेल्या माणसाला बटन अळिंबी घ्यावी की धिंगरी, हा प्रश्न फार काळ अडवत नाही. बटन अळिंबीला मुरवलेलं कंपोस्ट लागतं. जुन्या पद्धतीत त्याला जवळपास महिना जातो, ढीग सात-आठ वेळा उलथावा लागतो आणि पीक निघताना खोली 14 ते 18 अंशांवर ठेवावी लागते. धिंगरीला 20 ते 28 अंश चालतात आणि कंपोस्ट लागतच नाही. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, जे गावात मिळेल त्यावर ती येते. कमी जागेत धिंगरीच घ्यावी, असं मी सरळ सांगतो.

निर्णय अडतो तो पुढे. काडावर आधीच असंख्य बुरशींचे बीजाणू बसलेले असतात. ते दाबून टाकल्याशिवाय धिंगरीचं स्पॉन, म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, पसरत नाही. त्यासाठी घरगुती पातळीवर दोन रस्ते आहेत: गरम पाणी, किंवा फॉर्मेलिन हे जंतुनाशक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक यांचं मिश्रण. पहिली तयारी दोन्हीकडे सारखीच असते. काड त्याच हंगामातलं, पिवळं, पावसात न भिजलेलं घ्यायचं. काळपट पडलेला, कुबट वास येणारा पेंढा फुकट मिळाला तरी घरी आणू नये. काडाचे 3 ते 5 सेंटिमीटरचे तुकडे करायचे.

गरम पाण्याच्या पद्धतीत तुकडे पोत्यात भरून रात्रभर साध्या पाण्यात भिजवतात आणि सकाळी ते पोतं 80 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेकांची चूक इथेच होते. माझीही झाली. ड्रममध्ये 100 लिटर पाणी 80 अंशांवर आणलं, त्यात 10 किलो कोरड्या काडाचं भिजलेलं पोतं सोडलं आणि घड्याळ लावलं. भिजल्यावर त्या पोत्याचं वजन 30 किलोच्या आसपास झालेलं असतं आणि ते असतं गार. गरम आणि गार एकत्र आल्यावर ड्रमचं तापमान 67 अंशांपर्यंत उतरतं. पोत्याच्या पोटात तर त्याहूनही कमी, कारण दाबलेल्या काडात उष्णता हळू शिरते. मी तास मोजला तो चुकीच्या क्षणापासून. काड पिशव्यांत भरल्यावर बाराव्या दिवशी निम्म्या पिशव्यांवर हिरव्या बुरशीचे डाग होते, आणि तेही मधल्या थरात. तेव्हापासून लांब दांड्याचा थर्मामीटर पोत्याच्या मधोमध खुपसतो आणि तिथे 80 दिसल्यावरच तास धरतो. पोतं सैल भरलं तर हे लवकर होतं.

या पद्धतीत जळण लागतं, धूर होतो आणि कढत पाणी हाताळावं लागतं. घरात लहान मुलं असतील तर ड्रमच्या भोवती कुंपण करा. फायदा असा की नंतर उरतं ते फक्त तपकिरी पाणी. ते गार करून झाडांना घालता येतं. मात्र गरम पाण्यातून निघालेल्या काडावर कसलंही संरक्षण उरत नाही. ते निथळून गार होईपर्यंतचे तीन-चार तास सगळ्यात धोक्याचे असतात. उघड्या अंगणात पसरलं की वाऱ्याबरोबर आलेले बीजाणू त्यावर आयतेच बसतात. म्हणून खोलीत, धुतलेल्या जाळीवर, पंखा बंद ठेवून ते निथळवायचं.

औषधी पद्धतीत चूल नाही. 200 लिटरच्या ड्रममध्ये 90 लिटर पाणी घेऊन त्यात 10 ते 12 किलो कोरडं काड बुडवतात. वेगळ्या 10 लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिलिलिटर फॉर्मेलिन मिसळून ते वरून ओततात, काड दाबून प्लॅस्टिकनं झाकतात आणि 16 ते 18 तास तसंच ठेवतात. थर्मामीटर नको, जळण नको, संध्याकाळी भिजवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी काम. शिवाय कार्बेन्डाझिमचा थोडा अंश काडावर राहतो. तो हिरव्या बुरशीला दाबतो आणि या मात्रेत धिंगरीला सोसतो, म्हणून नवख्या हातानं झालेली थोडी अस्वच्छता इथे खपून जाते.

पण फॉर्मेलिन डोळ्यांना, घशाला झोंबतं आणि त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. बंद खोलीत ते ओतायचंच नाही. हातमोजे, चष्मा आणि रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क हवा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. काड बाहेर काढल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पसरून ठेवावं लागतं, नाहीतर स्पॉनची वाढच खुंटते. सगळ्यात मोठी अडचण उरलेल्या पाण्याची. काड साधारण 20 लिटर पाणी शोषतं, म्हणजे प्रत्येक ड्रममागे 80 लिटर औषधी पाणी शिल्लक राहतं. दहा गुंठ्यांच्या मालकाला जागा सापडेल. ज्याच्याकडे अंगणच आहे आणि शेजारी विहीर, त्यानं ते कुठे ओतायचं? माझ्या मते कमी जागेवाल्याचा निर्णय या एका प्रश्नावर व्हायला हवा. सेंद्रिय म्हणून माल विकायचा असेल तर हा रस्ता मुळातच बंद आहे.

काड कुठल्याही पद्धतीनं केलं तरी भरताना ओल सारखीच बघायची. मूठ घट्ट दाबली तर तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. 20 किलो कोरड्या काडाचं असं 60 किलो ओलं काड होतं आणि पाच-पाच किलोच्या 12 पिशव्या भरतात. स्पॉन ओल्या वजनाच्या दोन टक्के धरलं तर सव्वा किलो पुरतं. गरम पाण्याच्या काडाला मी तीन टक्के, म्हणजे 1 किलो 800 ग्रॅम घालतो. स्पॉन जितकं दाट, तितका पिशवीवर त्याचा ताबा लवकर आणि परक्या बुरशीला मोकळा वेळ कमी. चार बोटांचा थर, कडेनं स्पॉन, पुन्हा थर, असं भरून तोंड बांधायचं आणि सुईनं 25-30 भोकं पाडायची.

पुढचे 15 ते 20 दिवस अंधारी खोली, 24 ते 28 अंश. रोज बघायचं, पण पिशवी उघडायची नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी फुलोऱ्यासारखी वाढ दिसली तर ठीक. आंबूस वास आणि तळाला पाणी असेल तर काड ओलं राहिलं होतं. काळ्या, वितळणाऱ्या छत्र्या उगवल्या तरी ओल जास्तच होती असं समजा. हिरवा ठिपका पडलेली पिशवी न फोडता, दुसऱ्या पिशवीत गुंडाळून लांब नेऊन पुरावी. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे: सकाळी हात धुऊन आधी नवी भरणी, मग वाढीची खोली, आणि तोडणी सर्वांत शेवटी. तोडणीच्या कपड्यांत पुन्हा भरणीच्या खोलीत जायचं नाही. पिकलेल्या धिंगरीचे बीजाणू श्वासातून आत जातात आणि काहींना खोकला, ताप येतो, म्हणून छत्रीच्या कडा सपाट होण्याआधी, मास्क लावूनच तोडा.

वर सांगितलेल्या 12 पिशव्यांतून तीन तोडण्यांत 10 ते 14 किलो ताजी धिंगरी धरावी. जळण स्वतःचं असेल, पाणी टाकायला जागा नसेल, तर गरम पाणी घ्या आणि थर्मामीटरवर कंजूषी करू नका. भाड्याच्या घरात चूल पेटवता येत नसेल तर औषधी पद्धतीकडे मन वळतं. पण तिथे उरलेलं पाणी नाल्यातच जाणार असेल, तर मी ती सुचवणार नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे. पहिलं स्पॉन तिथून किंवा अशाच खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि पहिल्या खेपेला एकच ड्रम लावा.