मोबाइलच्या फोटोवरून वाड्याचा प्लॅन: ऑटोकॅडमध्ये आठ महिने ट्रेस केल्यावर

लातूरला माझं छोटं ड्राफ्टिंगचं काम आहे. गेल्या आठ महिन्यांत नव्या घरांपेक्षा जुन्या वाड्यांचेच प्लॅन जास्त आले, आणि त्यातले बहुतेक मिस्त्रीनं वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेले, व्हॉट्सॲपवर फोटो करून पाठवलेले. चित्र `IMAGEATTACH`नं आत घ्यायचं, मोजमापात बसवायचं आणि वरून रेषा ओढायच्या. ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात मीही तसंच समजत होतो.

औशाकडचा एक माळवदाचा वाडा सांगतो. दर्शनी भिंत ३२ फूट, समोरून मागेपर्यंत लांबी ४५ फूट, मधे चौक. मालकानं स्कॅनिंग ॲपनं फोटो काढला होता, त्यामुळे कागद अगदी सरळ दिसत होता. आधी `ROTATE`नं दर्शनी भिंत आडवी केली. मग `SCALE`, त्यात `R`, भिंतीची दोन टोकं दाबली आणि `384` टाकलं, कारण माझं युनिट इंच आहे. रुंदी चोख बसली. लांबी मोजली तर ५४० ऐवजी ५१८ आली. जवळपास दोन फूट गायब!

चूक मिस्त्रीची नव्हती. ही ॲप्स तिरक्या कागदाचे चार कोपरे ओढून आयत करतात, पण त्या आयताची लांबी-रुंदी किती प्रमाणात असावी हे बरेचदा अंदाजानं ठरतं. कागद घडी घातलेला किंवा एका बाजूनं कापलेला असला की चित्र एका दिशेनं दाबलं जातं. `SCALE` दोन्ही दिशा सारख्याच वाढवतो, म्हणून तिथं तो कामाचा नाही. मी चित्राचा ब्लॉक केला आणि प्रॉपर्टीजमध्ये त्याचा वायचा स्केल १.०४२५ केला, म्हणजे ५४० भागिले ५१८. चित्र आधी सरळ करून घेतलं होतं म्हणून हे जमलं. तिरक्या चित्रावर हाच प्रयोग केला तर काटकोनही मोडतात. आणि समोरची भिंत ३२ फूट पण मागची ३१ भरत असेल, तर दृष्टिकोनाचा दोष अजून चित्रात आहे. ते ब्लॉकनं सुटत नाही. सरळ वरून दुसरा फोटो मागवावा, नाहीतर सायबर कॅफेत सपाट काचेवर स्कॅन करून घ्यायला सांगावं.

आता दोन्ही मापं जुळली. चौकही १६ बाय साडेबावीस फूट दिसत होता. मी खूश. तरी जागेवर गेलो तेव्हा सहज चौकाचे कर्ण टेपनं घेतले. काटकोन असता तर दोन्ही सुमारे २७ फूट ७ इंच आले असते. एक आला २७ फूट ११ इंच, दुसरा २७ फूट साडेतीन इंच.

मालक म्हणाले, "आमच्या आज्यानं सुतळी लावून बांधलंय सर, वाकडं कसं असंल?"

वाकडं होतं. मिस्त्रीनं कागदावर सवयीनं काटकोन काढला होता, त्यामुळे चित्र कितीही नीट बसवलं तरी हे त्यातून निघणारच नव्हतं. मग चौक मी चित्र बाजूला ठेवून काढला. समोरची बाजू १९२. तिच्या डाव्या टोकावरून २७० त्रिज्येचं वर्तुळ, उजव्यावरून ३३५चं. ती छेदतात तो मागचा डावा कोपरा. उजवा कोपरा तसाच, उजव्या टोकावरून २७० आणि डाव्यावरून ३२७.५. मागचे दोन कोपरे जोडून मोजले तर पुन्हा १९२ भरले, म्हणजे टेप चुकला नव्हता. मागची बाजू साडेसहा इंच डावीकडे सरकली होती. `ORTHO` चालू ठेवून ट्रेस केलं असतं तर चौक सुंदर चौकोनी आला असता आणि नव्या फरशीची शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागली असती.

भिंतीच्या जाडीबाबत तर मी चित्राकडे बघतच नाही. १:१०० च्या कागदावर पाऊण मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ म्हणजे जागेवर तीन इंच. दगडी भिंत दारातून टेपनं मोजायची (इथं ३० इंच निघाली) आणि आतल्या रेषेला `OFFSET` द्यायचा.

रेषा आपोआप काढणारा प्रकारही इंकस्केपमध्ये करून पाहिला. पेन्सिलीच्या रेघेच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या आल्या, अक्षरांचेही तुकडे झाले. साफ करायला हातानं काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

एक फजितीही. चित्र फाइलीच्या आत साठत नाही, फक्त पत्ता राहतो. मी नुसती डीडब्ल्यूजी पाठवली आणि समोरच्याला प्लॅनच्या मागं फाइलीचं नाव तेवढं दिसलं. आता दोन्ही एका फोल्डरात देतो.

आठ महिन्यांनंतर माझी सवय अशी पडली आहे: फोटोवरून फक्त खोल्या कुठं, दारं कुठल्या बाजूला एवढंच उचलतो. फोन आला की मालकाला पहिलं सांगतो, "दोन बाजू आणि चौकाचे दोन्ही कर्ण मोजून कागदावरच लिहा, मग फोटो काढा."