अपघाती मृत्यू: फौजदारी खटला की भरपाईचा दावा?

आरोपी चालकाला जामीन मिळाला की घरचे खचतात: आता भरपाईही बुडाली! तसं होत नाही.

निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लागतं. शिक्षा कमाल पाच वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र, म्हणून जामीन हा आरोपीचा हक्कच ठरतो. कलम 105, म्हणजे सदोष मनुष्यवध, लागलं तरच जामीन कोर्टाच्या मर्जीवर. फौजदारी खटल्यात दोष निःसंशय सिद्ध करावा लागतो.

भरपाईच्या दाव्यात मात्र, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, निष्काळजीपणा शक्यतेच्या तोलावर ठरतो, म्हणजे कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते ते पाहिलं जातं. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी दावा टिकू शकतो, आणि पैसे बहुधा विमा कंपनी देते. समजा, मृत रिक्षाचालक 35 वर्षांचा, कमाई महिना 15,000, मागे पत्नी आणि दोन मुलं. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा जाता 14,000. वर्षाचे 1,68,000, गुणिले वयानुसार 16: 26,88,000 रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी.

खटल्याच्या निकालासाठी मात्र थांबू नका. कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. एफआयआर, पंचनामा आणि कमाईचे पुरावे लगेच गोळा करा.