स्टेरॉइडनंतर काउंट शून्य: वाट पाहायची, एचसीजी घ्यायचं की क्लोमिफिन?

वीर्य तपासणीच्या रिपोर्टवर ‘निल’, म्हणजे शुक्राणू शून्य, असं आलं आणि मागच्या काही वर्षांत टेस्टोस्टेरॉन, डेका किंवा डायनाबॉल या स्टेरॉइडच्या सायकली झालेल्या असतील, तर पुढे तीन मार्ग असतात. सगळं बंद करून शरीराला वेळ द्यायचा, एचसीजीची इंजेक्शनं घ्यायची, किंवा क्लोमिफिनच्या गोळ्या घ्यायच्या. जिममधला कोच या तिन्हींचं मिश्रण करून ‘पीसीटी’, म्हणजे सायकलनंतरचा उपचार, या नावाने देतो. कुठला मार्ग निवडायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्तातल्या एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांचे आकडे, आणि पत्नीचं वय. सायकल किती ‘हार्ड’ होती याची चर्चा ग्रुपवर भरपूर होते, पण निर्णयात तिचं वजन त्या मानाने कमी आहे.

आधी काय बंद पडलं ते पाहू. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि एफएसएच शुक्राणू वाढवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि दोन्ही बंद होतात. गोम अशी, की शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. दंडात किंवा मांडीत टोचलेलं औषध रक्तातला आकडा वर नेतं, पण वृषणाच्या आतली पातळी कोसळते. म्हणून रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन १२०० आणि शुक्राणू शून्य, असं एकाच वेळी दिसू शकतं. स्नायू फुगलेले आणि वृषणं आक्रसलेली, यात विसंगती काहीच नाही.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने तो गर्भनिरोधक म्हणून तपासला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं, आणि सहा महिन्यांत साधारण दोन तृतीयांश पुरुषांचा काउंट शून्यावर आला. जिममधल्या सायकलीत याच्या दुप्पट-तिप्पट डोस सर्रास असतो. तरीही मूल होत नाही म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून देणारे डॉक्टर अजून भेटतात. ते इंजेक्शन घेऊ नका. दुसरीकडे जा.

नुसतं थांबणं

पैसा लागत नाही, औषधाचे दुष्परिणाम नाहीत, आणि बहुतेकांना हे पुरतं. गर्भनिरोधक चाचण्यांतल्या दीड हजारांवर पुरुषांच्या एकत्रित विश्लेषणात (२००६) औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत साधारण ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सगळे पुरुष मिलिलिटरला दोन कोटी शुक्राणूंपर्यंत परत आले. आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते पुरुष निरोगी होते, आधीचा काउंट चांगला होता आणि त्यांना मोजून एकच औषध दिलेलं होतं. चार वर्षं वेगवेगळ्या कुप्या मिसळून घेणाऱ्याला हा अंदाज जसाच्या तसा लावता येत नाही. त्यातून नॅन्ड्रोलोन, म्हणजे डेका, शेवटच्या इंजेक्शननंतर बराच काळ शरीरातून झिरपत राहतं, त्यामुळे ‘बंद केलं’ ती तारीख आणि शरीराच्या लेखी खरोखर बंद झाल्याची तारीख यांत अंतर पडतं.

शिवाय शुक्राणू पूर्ण तयार व्हायला अडीच महिने लागतात, आणि बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. आज यंत्रणा चालू झाली तरी रिपोर्टमध्ये फरक तीन महिन्यांनी दिसणार.

वाट पाहण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन संपलेलं असतं आणि स्वतःचं अजून सुरू झालेलं नसतं. थकवा, इच्छा नाहीशी होणं, चिडचिड, झोप उडणं, काहींना गंभीर नैराश्य. या काळातच माणूस ‘फक्त एक छोटी सायकल’ म्हणून पुन्हा सुईकडे वळतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मन फार खचत असेल तर हा मार्ग रेटू नये, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं.

एचसीजी आणि क्लोमिफिन: फरक कुठे आहे

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण दोन्ही ‘रिकव्हरीची औषधं’ म्हणून एकाच दमात सांगितली जातात आणि त्यांचं काम मात्र वेगवेगळ्या टोकांना चालतं.

एचसीजी हे एलएचची जागा घेतं. ते थेट वृषणावर काम करतं, त्यामुळे पिट्यूटरी झोपलेली असली तरी वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर, म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट, साधारणपणे दीड ते तीन हजार युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा, त्वचेखाली किंवा स्नायूत देतात. भुकटीची कुपी पाण्यात मिसळून फ्रिजमध्ये ठेवावी लागते. फायदा असा की थकवा आणि उदासी काही आठवड्यांत कमी होते, म्हणजे पुन्हा सुई उचलायचं सर्वात मोठं कारण जातं. तोटा असा की एचसीजीमुळे वाढलेलं टेस्टोस्टेरॉन आणि त्यातून बनणारं इस्ट्रोजेन मेंदूला पुन्हा तोच निरोप देतात: भरपूर आहे. पिट्यूटरी झोपलेलीच राहते आणि एफएसएच येत नाही. म्हणून तीनेक महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर एफएसएचची इंजेक्शनंही जोडतात, साधारण ७५ ते १५० युनिट एक दिवसाआड. इथे खर्चाचा आकडा झपाट्याने चढतो. डोस जास्त झाला तर छाती दुखरी होणं, स्तनाची गाठ, मुरमं हे दिसतं. अशा वेळी एस्ट्राडायॉल, म्हणजे रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन, तपासतात.

क्लोमिफिन उलट दिशेने जातं. ते मेंदूतला इस्ट्रोजेनचा निरोप अडवतं, पिट्यूटरीला वाटतं कमी पडतंय, आणि ती एलएच, एफएसएच दोन्ही स्वतःच सोडू लागते. रोज २५ मिलिग्रॅम किंवा एक दिवसाआड ५० अशी गोळी, स्वस्त, सुई नाही. पुरुषांसाठी अनेक देशांत हा मंजूर उपयोग नाही, डॉक्टर अनुभवावर देतात. नजर धूसर होणं किंवा प्रकाशाचे ठिपके दिसणं सुरू झालं तर गोळी तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. काहींचा मूडही बिघडतो.

पण ते चालण्यासाठी पिट्यूटरी जागी होण्याच्या स्थितीत हवी. डेका किंवा टेस्टोस्टेरॉन अजून रक्तात असेल तर ते स्वतंत्रपणे पिट्यूटरीला दाबून ठेवतं आणि क्लोमिफिनने फक्त इस्ट्रोजेनचा दरवाजा उघडून उपयोग नसतो. कोचने शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांत सुरू केलेली पीसीटी बहुतेकदा इथेच वाया जाते. औषध वाईट नसतं, वेळ चुकलेली असते. त्यातून कुप्या कुठून आल्या आणि त्यात काय आहे याची खात्री कोणालाच नसते.

मला विचाराल तर शुक्राणूंसाठी दोन्हींची तुलना अशी: एलएच आणि एफएसएच जवळपास शून्य असतील तर एचसीजीने सुरुवात, आणि ते वर यायला लागले असतील पण अजून अपुरे असतील तर क्लोमिफिन. पुष्कळ अँड्रॉलॉजिस्ट दोन्ही एकत्र देतात. २०१७ च्या एका अभ्यासात अशा एकत्रित उपचारांनी वर्षभरात सुमारे ७० टक्के पुरुषांच्या नमुन्यात ५० लाखांहून अधिक हालते शुक्राणू आले. वय जास्त आणि टेस्टोस्टेरॉन घेतलेला काळ लांब असेल तितकी परत येण्याची शक्यता घटत गेली. मात्र हे सगळं ‘नुसतं थांबण्या’शी नीट समोरासमोर तोललेलं नाही, त्यामुळे औषधाने किती आणि वेळेने किती झालं हे सांगणं कठीण आहे.

एक उदाहरण

समजा वय ३३, तीन वर्षं टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट आणि डेकाच्या सायकली, शेवटचं इंजेक्शन दोन महिन्यांपूर्वी. काउंट शून्य. सकाळी आठच्या सुमाराला रक्त दिलं: टेस्टोस्टेरॉन ११०, एलएच ०.३, एफएसएच ०.५. वृषणं लहान आणि मऊ. हे चित्र स्टेरॉइडशी जुळतं, कारण दाबले गेलेले एलएच-एफएसएच त्याची खूण आहे. एफएसएच १५-२० असतं तर बिघाड वृषणातच आहे असा संशय घ्यावा लागला असता, आणि दोन्ही सामान्य असून काउंट शून्य असता तर शुक्राणूंची बाहेर यायची वाट अडली आहे का ते तपासावं लागलं असतं. त्या दोन्ही वेळी वर सांगितलेलं औषध हे उत्तर नाही.

पत्नी २८ वर्षांची असेल आणि थकवा सहन होत असेल, तर मी दर महिन्याला एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासत थांबलो असतो. सुधारणा आधी रक्तात दिसते, वीर्यात नंतर. एलएच ०.३ वरून २-३ झालं की गाडी सुरू झाली समजायचं, आणि तिथून तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी. सहा महिने झाले तरी एलएच हललं नाही, तर एचसीजी.

पत्नी ३७ वर्षांची असेल तर सहा महिने देणं महाग पडतं. आजच एचसीजी, महिन्याने टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्राडायॉल, तीन महिन्यांनी वीर्य, आणि तरीही शून्य असेल तर एफएसएच जोडायचं. पत्नीची तपासणी याच काळात समांतर चालू ठेवायची. नमुन्यात थोडेही हालते शुक्राणू दिसले की ते गोठवून ठेवायचे. इक्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी, ते पुरतात. सगळे टप्पे सुरळीत गेले तरी यात सहा ते बारा महिने जातात, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावं.

वीर्याचा नमुना २ ते ७ दिवसांच्या खंडानंतर द्यायचा, आणि एका ‘निल’वर विश्वास ठेवायचा नाही. नमुना सेंट्रिफ्यूज करून तळ तपासला का हे लॅबला विचारायचं; तळाशी दोन-चार शुक्राणू सापडले तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

एक गट वेगळा आहे: ज्यांना खऱ्या आजारामुळे टेस्टोस्टेरॉन कायम लागतं. त्यांना पर्याय न देता ते थांबवता येत नाही, तेव्हा मूल हवं असण्याच्या काळात टेस्टोस्टेरॉन थांबवून फक्त एचसीजी, किंवा दोन्ही सोबत, असं पाहतात. छोट्या अभ्यासांत कमी डोसच्या एचसीजीने काउंट टिकल्याचं दिसलं आहे. टेस्टोस्टेरॉनच्या जेलमुळेही शुक्राणूंचं उत्पादन बंद पडू शकतं, हेही लक्षात ठेवायचं. सुई नाही म्हणून ते निरुपद्रवी नव्हे.

औषधांनी वर्षभरात काहीच न दिसल्यास मात्र स्टेरॉइडला दोष देत बसू नये. गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीची तपासणी, व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, आहे का हे पाहणं ही त्यापुढची पायरी. वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू शोधण्याचा विचार तेव्हा करायचा. दोन महिन्यांपूर्वी सायकल संपवलेल्याला ती शस्त्रक्रिया आधीच सुचवली गेली, तर दुसरं मत घ्यावं.