सायकल भिंतीवर टांगायचीय: गिट्टी की अँकर फास्टनर?

धाकटा भाऊ गॅलरीत सायकलचा रॅक लावतोय. दुकानदाराने लोखंडी फास्टनर दिला, सुतार म्हणतो नायलॉनची गिट्टी पुरेल. मी आधी भोक पाडून भुकटी बघायला सांगितलं. पांढरट गिलाव्यानंतर लाल आली तर वीट, करडी आणि ड्रिल अडखळत चाललं तर काँक्रीट.

सायकल १६ किलोची, पण ती भिंतीपासून ३० सेंटीमीटर पुढे लटकते आणि पट्टीच्या वरच्या स्क्रूपासून खालची कड १० सेंटीमीटरवर. म्हणजे वरच्या स्क्रूवर जवळपास ४८ किलोची ओढ, धक्के वेगळेच.

काँक्रीटमध्ये ८ एमएमचा फास्टनर ही ओढ सहज पेलतो. विटेत मात्र तो आवळताना फुगतो आणि वीट तडकते. नट फिरतच राहिला, घट्ट होईना, तर समजा आत भुगा झालाय. १० एमएमची, ८० एमएम लांब गिट्टी विटेला सावकाश धरते. छोटी गिट्टी अर्धी गिलाव्यातच राहते, म्हणून लांबी महत्त्वाची. भोक विटेच्या मध्यावर घ्यायचं, सांध्यात नाही, आणि विटेत हॅमर बंद ठेवायचा. भुकटी फुंकून काढायची (डोळे मिटून, अनुभवाचे बोल).

खर्चात फारसा फरक नाही. घर भाड्याचं असेल तर गिट्टी बरी, स्क्रू काढून भोक बुजवता येतं. फास्टनर कापावा लागतो.

भावाची भुकटी लाल निघाली, त्याला गिट्टीच. खांबावर किंवा बीमवर लावणाऱ्याने फास्टनर घ्यावा, फक्त सळई लागली तर भोक सरकवावं.